फोनवरचे पाच चाळीस

१० जून २०२५, मंगळवार. माझा भाचा तेव्हा कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशीनिंगच्या कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर होता. जेवणाच्या सुट्टीत त्याला पुण्याच्या एका कन्सल्टन्सीतल्या मॅडमचा फोन आला. शिरवळच्या एका कारखान्यासाठी माणूस हवा होता, आणि आठवड्यापूर्वीच त्याचा व्हिडिओवर इंटरव्ह्यू झालेला होता. आत कॉम्प्रेसर सुरू म्हणून हा बाहेर गेटजवळ जाऊन बोलला. संध्याकाळी विश्रामबागेतल्या घरी गेला आणि ताईला म्हणाला, "आई, झालं. सीनिअर क्वालिटी इंजिनिअर, पंचेचाळीस हजार, पंधरा जुलैला जॉइनिंग."

ताईने मला फोन लावून दिला. मी सांगली-मिरज भागातल्या कारखान्यांत सतरा वर्षं एचआरचं काम करतो, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतो. अभिनंदन केलं आणि विचारलं, "पंचेचाळीस हजार हा आकडा मॅडमनी उच्चारला का?"

तो थांबला. "नाही मामा. त्या 'पाच चाळीस' म्हणाल्या. मी बाराने भागलं."

"सीनिअर?"

"हो, ते त्याच म्हणाल्या. 'सीनिअर क्वालिटीची पोझिशन आहे' असं."

"आणि पंधरा जुलै? तुझी नोटीस साठ दिवसांची आहे ना?"

"त्या म्हणाल्या क्लायंटला अर्जंट आहे, पंधरा जुलैपर्यंत होईल ना? मी म्हटलं, बघतो, होईल."

तो राजीनामा दुसऱ्याच दिवशी देणार होता. कागद टाइप करून ठेवलेला होता.

कोणी फसवणूक करत होतं असं मला वाटलं नाही, आणि पुढेही तसं निघालं नाही. कन्सल्टन्सीला फी कंपनीकडून मिळते, बहुतेक वेळा वार्षिक पॅकेजच्या ठरावीक टक्क्यांत, आणि तीही उमेदवार प्रत्यक्ष रुजू झाल्यावर. त्यामुळे मॅडमचं लक्ष एकाच गोष्टीवर असतं: माणूस हो म्हणतोय का, आणि कधी येतोय. त्यांच्यासमोर एक तक्ता असतो, त्यात कंपनीने दिलेली एक ओळ असते आणि दिवसाला असे कितीतरी फोन असतात. 'पाच चाळीस' त्या तक्त्यातून आलं. 'सीनिअर' बोलण्याच्या ओघात आलं. 'होईल' भाच्याच्या तोंडून संकोचापायी गेलं. तीन गोष्टी, तिन्ही तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या, आणि घरी पोचेपर्यंत त्या 'ठरल्या' होत्या.

मी म्हटलं, राजीनामा ठेव बाजूला. आधी आज रात्री एक मेल जाऊ दे.

त्याने लगेच लिहायला घेतलं आणि पहिल्या ओळीत लिहिलं, 'ठरल्याप्रमाणे माझा पगार दरमहा ४५,०००.' मी ते खोडायला लावलं. या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते इथेच घडलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फोननंतरच्या मेलमध्ये तीन प्रकारच्या गोष्टी असतात आणि त्या एकमेकांत मिसळल्या की मेलचं वजन जातं. पहिली, समोरच्याने उच्चारलेली गोष्ट. दुसरी, त्यावरून आपण काढलेला अर्थ. तिसरी, जिच्यावर बोलणंच झालं नाही. भाच्याने दुसरी गोष्ट पहिलीच्या जागी बसवली होती. असा मेल गेला तर मॅडमना आकडा ओळखीचा वाटत नाही, त्या एचआरला विचारतात, एचआर म्हणतं 'असं कुणी सांगितलं?' आणि उमेदवार वाढवून सांगतोय असा ग्रह होतो. उलट आपला समज आपला म्हणून लिहिला, तर चूक असेल तिथे समोरच्याला सहज दुरुस्त करता येतं. मेल पाठवायचाच त्यासाठी. 'तुम्ही असं म्हणाला होतात' असं नंतर कुणाला दाखवण्यासाठी तो क्वचितच उपयोगी पडतो. राजीनामा देण्याआधी फरक वर यावा, हा त्याचा खरा उपयोग.

तिसऱ्या प्रकारातलं काही 'ठरलेलं' म्हणून घुसडायचं नाही, हेही मी त्याला बजावलं. त्याला बसची सोय हवी होती. फोनवर तो विषय निघालाच नव्हता. मग ते मेलमध्ये घालायचंच तर प्रश्न म्हणूनच.

मेल इंग्रजीत गेला. मराठीत तो असा होता:

> विषय: आजच्या फोनवरील चर्चेची पुष्टी – क्वालिटी इंजिनिअर, शिरवळ
>
> नमस्कार मॅडम,
> आज १० जून रोजी दुपारी सुमारे १ वाजता आपलं जे बोलणं झालं, त्यातले मुद्दे मला कसे समजले ते लिहितो आहे. जिथे फरक असेल तिथे कृपया दुरुस्त करावं.
>
> पद: आपण 'सीनिअर क्वालिटी इंजिनिअर' असं म्हणालात. ऑफर लेटरमध्ये हेच पदनाम असेल, असं मी समजतो.
>
> पगार: आपण वार्षिक ५ लाख ४० हजार असं सांगितलंत. ही सगळी रक्कम ठरावीक आहे असं धरून मी दरमहा एकूण ४५,००० समजलो आहे. यात व्हेरिएबल, कंपनीचा पीएफचा हिस्सा किंवा ग्रॅच्युइटी धरलेली असल्यास महिन्याचा ब्रेकअप पाठवावा.
>
> रुजू होण्याची तारीख: आपण १५ जुलैबद्दल विचारलंत आणि मी प्रयत्न करेन म्हणालो. माझा नोटीस काळ ६० दिवसांचा आहे, हे तेव्हा मी स्पष्ट सांगायला हवं होतं. लेखी ऑफर मिळाल्यावरच मी राजीनामा देईन. ऑफर १६ जूनला मिळाली तर इथला शेवटचा दिवस १४ ऑगस्ट येतो आणि १८ ऑगस्टला मी रुजू होऊ शकतो.
>
> दोन गोष्टींवर बोलणं झालं नाही, त्या कळवाव्यात: नेमणूक थेट कंपनीच्या पगारपत्रकावर आहे की ठेकेदारामार्फत, आणि प्रोबेशन किती महिन्यांचं आहे.
>
> कंपनीच्या एचआरकडून याची खात्री करून या मेललाच उत्तर दिलंत तर बरं होईल.

तारखेच्या परिच्छेदावर तो अडला. "मामा, मीच 'होईल' म्हणालो होतो. आता नाही म्हटलं तर ऑफरच जाईल." भीती खोटी नव्हती. पण १० जूनपासून १५ जुलैपर्यंत जेमतेम ३५ दिवस होते. साठ दिवस पूर्ण न करता निघाला असता, तर उरलेल्या दिवसांचा पगार जुन्या कंपनीने कापला असता, आणि रिलीव्हिंग लेटर अडकलं असतं ते वेगळंच. नवी कंपनी रुजू होताना तेच पत्र मागते. म्हणजे घाईने दिलेली तारीख पाळता आली नसती आणि त्याचा दोष त्याच्यावरच आला असता. आपल्या तोंडून गेलेला शब्द आपणच त्याच दिवशी दुरुस्त केला तर लोक समजून घेतात. महिन्याने केला तर नाही. म्हणून 'मी स्पष्ट सांगायला हवं होतं' हे वाक्य मी मुद्दाम ठेवायला लावलं. त्यात कमीपणा नाही.

थेट की ठेकेदारामार्फत, हा प्रश्न आपल्या भागात प्रत्येकाने विचारावा. एमआयडीसीत काम एका कंपनीत आणि पगारपत्रकावर नाव दुसऱ्याचं, हे नेहमीचं आहे. फोनवर कंपनीचं मोठं नाव ऐकू येतं आणि अनुभवाचा दाखला मिळतो ठेकेदाराचा. भाच्याच्या बाबतीत उत्तर 'थेट, प्रोबेशन सहा महिने' असं आलं, म्हणून पुढे त्यावर काही बोलायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमचा व्हॉट्सॲपवर निरोप आला: 'नोटेड' आणि पुढे अंगठा. भाचा खुश झाला. "कन्फर्म झालं मामा."

झालं नव्हतं. 'नोंद घेतली' म्हणजे 'मान्य आहे' नव्हे. त्या मेलमध्ये तीन मुद्दे आणि दोन प्रश्न होते आणि अंगठा त्यांतल्या एकाचंही उत्तर नव्हता. अशा वेळी लोक एक वाक्य लिहितात, 'दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर हे मान्य आहे असं समजेन.' मी ते लिहू देत नाही. समोरचा गप्प राहिला म्हणजे त्याने मान्य केलं, असं आपल्या एकट्याच्या म्हणण्याने ठरत नाही. आणि तिसऱ्या माणसाच्या, म्हणजे कंपनीच्या, वतीने तर मुळीच नाही.

व्हॉट्सॲपवरच ठेवायलाही मी नको म्हटलं. तिथला निरोप पाठवणाऱ्याला मागे घेता येतो, आपोआप पुसलं जाण्याची सोय चालू असू शकते, फोन बदलला की जुनं सापडत नाही. मुख्य म्हणजे मॅडमना तो एचआरच्या मेलवर जसाच्या तसा पुढे पाठवता येत नाही. मेल पाठवता येतो. कुणी म्हणतं, कॉल रेकॉर्ड करून ठेव. माझा अनुभव असा, की अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग कोणतंही एचआर ऐकत बसत नाही. आणि त्या रेकॉर्डिंगमध्येही 'पाच चाळीस' एवढंच निघालं असतं. गोंधळ आवाजात नव्हता, आकड्याच्या अर्थात होता.

म्हणून भाच्याने व्हॉट्सॲपवर इतकंच लिहिलं: 'धन्यवाद मॅडम. कालच्या मेलमधले पगाराचा ब्रेकअप आणि जॉइनिंगची तारीख हे दोन मुद्दे कंपनीकडून कळले की मला राजीनामा देता येईल. मेललाच उत्तर द्याल का?' यात एक गोष्ट नीट बसली होती. मॅडमना हवा असलेला राजीनामा त्या उत्तरावर अवलंबून आहे, हे त्यांना जोर न लावता कळलं.

उत्तर १२ तारखेला, गुरुवारी आलं. पदाचं नाव कंपनीच्या नोंदीत 'इंजिनिअर – क्वालिटी' आहे, 'सीनिअर' ही पुढची श्रेणी आहे. पाच चाळीस ही सीटीसी, म्हणजे कंपनीला वर्षाला पडणारा एकूण खर्च आहे, त्यात व्हेरिएबल धरलेलं आहे. जॉइनिंगचं क्लायंटशी बोलून सांगते. दोन मुद्द्यांत फरक निघाला आणि तिसरा अजून ठरलेलाच नव्हता. शुक्रवारी एचआरचा तक्ता त्यांनी पुढे पाठवला, कंपनीच्या स्वतःच्या पत्त्यावरून आलेल्या मेलसकट. तो मागचा मेल खाली दिसणं मला महत्त्वाचं वाटलं. कन्सल्टन्सी मध्यस्थ असते. तिने लेखी दिलं तरी कंपनी 'आम्ही असं कळवलं नव्हतं' म्हणू शकते. शब्द कंपनीचा आहे का, हे पत्त्यावरून कळतं.

शनिवारी संध्याकाळी आम्ही ताईच्या स्वयंपाकघरात तक्ता उघडून बसलो. ५,४०,००० मधले ५४,००० व्हेरिएबल होते, वर्षअखेरीला कंपनीच्या आणि त्याच्या कामगिरीवर मिळणारे. उरले ४,८६,०००, म्हणजे महिन्याला ४०,५००. त्यात बेसिक २०,०००. बेसिकच्या १२ टक्के कंपनीचा पीएफचा हिस्सा, २,४००, आणि ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी, ९६२. हे दोन्ही सीटीसीत मोजलेले होते, पण महिन्याच्या पगारात ते हातात येत नाहीत. पीएफचे पैसे निदान त्याच्या नावावर साठतात. ग्रॅच्युइटी मात्र कायम कामगाराला साधारणपणे सलग पाच वर्षं झाल्यावरच मिळते. हा आकडा कुठून येतो तेही भाच्याने विचारलं. वर्षाला पंधरा दिवसांचं वेतन, महिन्याचे सव्वीस दिवस धरून. पंधरा भागिले सव्वीस आणि त्याचा बारावा भाग, की ४.८१ टक्के येतात.

दोन्ही वजा केल्यावर स्लिपवरचा एकूण पगार ३७,१३८ राहिला. त्यातून भाच्याचा स्वतःचा पीएफ २,४०० आणि व्यवसाय कर २०० गेले. फेब्रुवारीत तो कर ३०० होतो, वर्षाचे २,५०० भरायचे म्हणून. एवढ्या पगाराला आयकर लागणार नव्हता. हातात ३४,५३८.

ताई म्हणाली, "पंचेचाळीसचे साडेचौतीस कसे झाले रे?" कुणी काही काढून घेतलं नव्हतं. पहिल्या दिवसापासून ते साडेचौतीसच होते.

कुपवाडला त्याला हातात २९,४०० मिळत होते आणि राहणं घरी होतं. शिरवळला खोली आणि मेस आली. पंचेचाळीसच्या हिशोबाने जो निर्णय एका मिनिटात झाला होता, त्यावर आता विचार करावा लागणार होता. राजीनामा बुधवारीच दिला असता, तर हा विचार नोकरी हातात नसताना करावा लागला असता. किंवा करताच आला नसता.

त्याने १६ तारखेला मॅडमना फोन केला. हे मीच सुचवलं. घासाघीस मेलवर करू नये, तिथे शब्द कडक वाटतात. बोलणं फोनवर करावं आणि त्यातून निघालेलं लगेच मेलवर टाकावं. त्याने सरळ सांगितलं की घर सोडून यायचं तर ठरावीक रक्कम थोडी वाढायला हवी. एकूण आकडा तोच ठेवून व्हेरिएबल कमी केलं तरी चालेल. कंपनीला हे सोपं जातं, कारण मंजूर झालेली सीटीसी बदलावी लागत नाही. दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला: ठरावीक ५,१०,०००, व्हेरिएबल ३०,०००. पदनाम बदलणार नाही. जॉइनिंग ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चालेल. त्याने त्याच मेलच्या धाग्यात पाच ओळी लिहिल्या, मॅडमनी 'कन्फर्म्ड' असं उत्तर दिलं आणि खाली एचआरचा नवा तक्ता जोडला. नव्या तक्त्यात बेसिक २१,००० होतं. त्यावरून हातात येणारी रक्कम आम्ही काढली, ३६,२५०.

पदनामाचं त्याला वाईट वाटलं. मित्रांना 'सीनिअर' सांगून झालं होतं. मला मात्र तिथे समाधान होतं. कंपनीच्या नोंदीत नसलेलं पदनाम बायोडाटात घातलं, तर पुढची कंपनी मागची चौकशी करते तेव्हा ते जुळत नाही, आणि खोटा ठरतो उमेदवार.

ऑफर लेटर शुक्रवारी, २० तारखेला आलं. पगाराचे आकडे जुळले. तारखेच्या जागी मात्र '१ ऑगस्ट २०२५ रोजी किंवा त्यापूर्वी रुजू न झाल्यास ही ऑफर रद्द समजावी' असं होतं. जुन्या पत्राचा मसुदा वापरला की असं होतं, माझ्या हातूनही झालं आहे. पण मेलमध्ये ऑगस्टअखेर आणि सहीच्या पत्रात १ ऑगस्ट, असं असलं तर सहीचं पत्र वरचढ ठरतं. त्याने सही न करता उत्तर दिलं, मेलचा धागा जोडला आणि लिहिलं: आज-उद्यात दुरुस्त पत्र मिळालं तर २३ जूनला राजीनामा देईन, इथला शेवटचा दिवस २१ ऑगस्ट, रुजू होण्याची तारीख सोमवार, २५ ऑगस्ट. सोमवारी सकाळी दुरुस्त पत्र आलं. त्याने सही करून पाठवलं, आणि टाइप करून ठेवलेला राजीनामा तारीख बदलून दुपारी दिला.

२५ ऑगस्टला तो शिरवळला रुजू झाला. २७ ला गणपती होते. ताई हळहळली. नव्या ठिकाणी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुट्टी कशी मागायची म्हणून तो सुट्टीच्या एका दिवसापुरता रात्रीच्या एसटीने येऊन गेला.

सप्टेंबरची, म्हणजे पहिल्या पूर्ण महिन्याची स्लिप त्याने मला पाठवली. बेसिक २१,०००, पीएफ २,५२०, व्यवसाय कर २००, सगळं तक्त्याबरहुकूम. खाली मात्र ३६,२५० ऐवजी ३५,६०० होते. 'कँटीन' या नावाखाली ६५० कापले होते. एचआरला विचारलं तर म्हणाले, सगळ्यांचेच कापतात, धोरण आहे. आमच्या कोणत्याच मेलमध्ये तो प्रश्न नव्हता. आता माझ्याकडे येणाऱ्या पोरांच्या मेलमध्ये 'यावर बोलणं झालं नाही' या भागात एक ओळ मी घालायला लावतो: पीएफ आणि व्यवसाय कर सोडून पगारातून दरमहा आणखी काय कापलं जातं.